कमी व्याजाचे कर्ज जास्त महाग पडू शकते का?

प्रश्न : बऱ्हाणपुरात माझा पॉवरलूमचा लहान कारखाना आहे. मालकी माझ्या एकट्याची. वह्या रीतसर ठेवतो, दरवर्षी सीए ताळेबंद करतात. सगळा खर्च आणि व्याज वजा जाऊन माझे करपात्र उत्पन्न १७ लाखांच्या आसपास येते आणि विवरणपत्र नव्या करपद्धतीत भरतो. माझ्यावर दोन कर्जे आहेत. राहत्या घराचे १८ लाख बाकी आहेत, दर साडेआठ टक्के, अजून १५ वर्षे. लूमसाठी घेतलेल्या कर्जाचे ९ लाख बाकी आहेत, दर साडेदहा टक्के, अजून ४ वर्षे. शिवाय ११ टक्क्यांवर ५ लाखांचे सीसी लिमिट आहे, त्यातले तीन-साडेतीन लाख बहुतेक वेळ वापरात असतात. यंदा ३ लाख रुपये हातात शिल्लक राहिले. मोठे भाऊ म्हणतात, ज्या कर्जाला व्याज जास्त ते आधी फेड. बँकेतले साहेब म्हणतात, घराचे फेडा, पावणेसहा-सहा लाखांचे व्याज वाचेल. मुलगा म्हणतो, कर्ज चालू द्या, पैसे म्युच्युअल फंडात टाका. आणि मला एफडीला सात टक्के मिळताहेत. नेमका हिशेब कसा मांडायचा?

— एक कारखानदार वाचक, बऱ्हाणपूर

उत्तर : एफडीचा विचार सर्वात आधी सोडून द्या, कारण तो सगळ्यात कमी पैसे देणारा आहे. उरलेल्या वाटांपैकी भावांचा नियम तुमच्या बाबतीत लागू पडत नाही. साडेआठ टक्क्यांचे घराचे कर्ज तुम्हाला साडेदहा टक्क्यांच्या लूमच्या कर्जापेक्षा थोडे महाग पडते आहे. हे चमत्कारिक वाटेल, म्हणून पायरीपायरीने पाहू.

कर्ज फेडले की जे व्याज द्यावे लागत नाही तीच तुमची कमाई. ही कमाई पक्की असते आणि तिच्यावर कर नसतो, कारण न दिलेल्या व्याजाला उत्पन्न म्हणत नाहीत. घराच्या कर्जात ३ लाख भरलेत तर वर्षाला साडेआठ टक्क्यांनी २५,५०० रुपयांचे व्याज टळते आणि ते सगळे तुमच्याजवळ राहते. तेच ३ लाख एफडीत ठेवलेत तर वर्षाला २१,००० रुपये व्याज मिळेल, पण ते तुमच्या उत्पन्नात जाऊन बसेल. नव्या पद्धतीत १६ ते २० लाखांच्या टप्प्यावर २० टक्के कर आहे आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे दर शंभर रुपयांमागे २० रुपये ८० पैसे. २१,००० मधून ४,३६८ रुपये करात गेले की हातात १६,६३२ उरतात. कर्जफेडीच्या तुलनेत वर्षाला जवळजवळ नऊ हजारांचे नुकसान.

बरेच जण येथे फसतात, कारण एफडीवर बँक कर कापत नाही असे त्यांना दिसते. एका वर्षात एका बँकेकडून मिळणारे व्याज ५० हजारांपर्यंत असेल तर सर्वसाधारण ठेवीदाराचा टीडीएस कापला जात नाही हे खरे. पण टीडीएस कापला नाही म्हणजे कर माफ झाला असे नाही. विवरणपत्रात ते व्याज दाखवावेच लागते आणि कर तेव्हा भरावा लागतो.

मग एफडीला किती टक्के मिळाले असते तर बरोबरी झाली असती? कर गेल्यावर शंभरातले ७९ रुपये २० पैसे उरतात, म्हणून साडेआठला ०.७९२ ने भागायचे. उत्तर येते १०.७३. तुमच्या टप्प्यावरच्या माणसाला साडेआठ टक्क्यांच्या गृहकर्जाशी बरोबरी करायला पूर्ण करपात्र असा पावणेअकरा टक्क्यांचा परतावा हवा, आणि तोही जोखमीशिवाय. असा परतावा कुठलीही चांगली बँक देत नाही. पीपीएफचे व्याज करमुक्त असते, पण त्याचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे, म्हणून तोही मागे पडतो. घरात दहा वर्षांखालची मुलगी असेल तर सुकन्या समृद्धी योजना मात्र अगदी जवळ येते. जानेवारी २०२४ मध्ये तिचा दर ८.२ टक्के झाला आणि तिचे व्याजही करमुक्त आहे. तुमच्या साडेआठपेक्षा ते ०.३ टक्क्यांनीच कमी, पण पैसे मात्र वर्षानुवर्षे अडकतात.

आता लूमच्या कर्जाकडे या. भावांचा नियम येथे कोलमडतो. घराच्या व्याजावर नव्या करपद्धतीत राहत्या घराला कसलीही वजावट नाही. लूमच्या कर्जाचे व्याज मात्र धंद्याचा खर्च आहे आणि वह्या ठेवणाऱ्याला ते नफ्यातून पूर्ण वजा होते. म्हणून लूमच्या कर्जात ३ लाख भरलेत तर वर्षाचे ३१,५०० रुपये व्याज टळेल, पण तितकाच खर्च कमी झाल्याने नफा ३१,५०० नी वाढेल आणि त्यावर ६,५५२ रुपये जादा कर भरावा लागेल. हातात खरी बचत राहते २४,९४८ रुपयांची. घराच्या कर्जात ती २५,५०० होती. दरात दोन टक्क्यांचा फरक दिसत असला तरी करानंतर लूमचे कर्ज तुम्हाला ८.३२ टक्क्यांना पडते आणि घराचे पूर्ण साडेआठला.

हाच हिशेब एका ओळीत असा मांडता येतो :

लागणारा परतावा = कर्जाचा दर × (१ − व्याजावर मिळणारी करसवलत) ÷ (१ − कमाईवरचा कर)

लूमच्या कर्जाला वरची सवलत आणि खालचा कर दोन्ही ०.२०८ आहेत, म्हणून ते एकमेकांना रद्द करतात आणि बरोबरीचा परतावा कर्जाच्या दराइतकाच, साडेदहा टक्के, येतो. घराच्या कर्जाला वरची सवलत शून्य आहे, म्हणून बरोबरीचा परतावा दरापेक्षा वर जातो. तुम्ही ३० टक्क्यांच्या टप्प्यात असता तर हे अंतर आणखी रुंदावले असते. तेव्हा लूमचे कर्ज करानंतर ७.२२ टक्क्यांना पडले असते आणि घराचे साडेआठलाच राहिले असते. जुन्या करपद्धतीत राहणाऱ्याला राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते. तुमचे यंदाचे व्याज दीड लाखाच्या आसपास, म्हणजे मर्यादेत बसते, आणि मग घराच्या कर्जालाही बरोबरीचा परतावा साडेआठच येतो. पण ज्याला धंद्याचे उत्पन्न आहे त्याला दरवर्षी इकडून तिकडे जाता येत नाही. एकदा जुनी पद्धत निवडून परत नव्यात आले की तो दरवाजा बंद होतो. म्हणून फक्त या ३ लाखांसाठी पद्धत बदलण्याचा विचार करू नका.

वरचा निष्कर्ष तुमच्या वह्यांवर उभा आहे, हे मात्र तुमच्या गल्लीतल्या दुसऱ्या लूमवाल्यांना जरूर सांगा. वर्षाची उलाढाल २ कोटींपर्यंत असलेले, किंवा रोख जमा पाच टक्क्यांच्या आत असल्यास ३ कोटींपर्यंतचे, अनेक छोटे कारखानदार गृहीत नफ्याची योजना घेतात. तिच्यात रोखीतल्या उलाढालीच्या आठ टक्के आणि बँकेतून आलेल्या उलाढालीच्या सहा टक्के नफा धरला जातो, आणि सगळा खर्च, व्याजासकट, आधीच वजा झाला असे मानले जाते. अशा माणसाने लूमचे कर्ज फेडले तरी त्याचा करपात्र नफा एक रुपयानेही वाढत नाही. त्याला साडेदहा टक्के म्हणजे खरोखरच साडेदहा टक्के. त्याच्यासाठी तुमच्या भावांचा नियम तंतोतंत बरोबर आहे : जास्त दराचे कर्ज आधी. कर्ज तेच, बँक तीच, गल्लीही तीच, पण विवरणपत्र भरण्याची पद्धत वेगळी असल्यामुळे उत्तर उलटे होते. म्हणून कर्जफेडीबद्दल शेजाऱ्याचा सल्ला घेण्याआधी तो कर कसा भरतो हे विचारावे.

ज्याचे सगळे मिळून उत्पन्न १२ लाखांच्या आत आहे त्याला नव्या पद्धतीत करात पूर्ण सूट मिळते, म्हणून एफडीच्या व्याजावरही कर नाही. त्याला बरोबरीचा परतावा कर्जाच्या दराइतकाच, साडेआठ. पण १२ लाखांच्या अगदी काठावर असलेल्या माणसाने फार सांभाळून राहावे. समजा पगारदाराचे उत्पन्न प्रमाणित वजावटीनंतर बरोबर १२ लाख आहे आणि त्याने ३ लाखांची एफडी करून २१,००० व्याज कमावले. एरवीच्या दराने त्याचा कर ६३,१५० झाला असता. कायद्यातली काठावरची सवलत तो १२ लाखांवरच्या रकमेइतका, म्हणजे २१,००० वर आणून ठेवते, आणि त्यावर ४ टक्के उपकराचे ८४० रुपये वेगळे. व्याज मिळाले २१,०००, कर गेला २१,८४०. साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत हा पट्टा आहे. त्यात सापडलेल्या माणसाने जादा पैसे कर्जात भरावेत. एफडी त्याच्यासाठी शुद्ध तोटा आहे.

बँकेतल्या साहेबांचे पावणेसहा लाख

साहेबांचा आकडा खोटा नाही. १८ लाखांवर साडेआठ टक्क्यांनी १५ वर्षांचा हप्ता येतो १७,७२५ रुपये. ३ लाख भरून हप्ता तोच ठेवला तर कर्ज १८० ऐवजी १३० महिन्यांत संपते, म्हणजे चार वर्षे दोन महिने आधी, आणि एकूण व्याज सुमारे ५ लाख ९३ हजारांनी कमी होते. लूमच्या कर्जाचा हप्ता २३,०४३ रुपये. त्यात ३ लाख भरलेत तर ते ४८ ऐवजी ३० महिन्यांत संपते आणि व्याज वाचते सुमारे १ लाख २२ हजार. एकीकडे सहा लाखांच्या घरात आणि दुसरीकडे सव्वा लाखही नाही, मग घराचेच कर्ज फेडावे, असे कोणालाही वाटेल.

पण हे दोन आकडे एका काट्यावर तोलता येत नाहीत. घराच्या कर्जात तुमचे ३ लाख अकरा ते पंधरा वर्षे राबतात, लूमच्या कर्जात अडीच ते चार वर्षे. जास्त वर्षे राबलेल्या पैशाचे व्याज जास्त दिसणारच. लूमचे कर्ज ३० महिन्यांत संपले की पुढचे १८ महिने दरमहा २३ हजार रुपये मोकळे होतात, आणि ते तुम्ही घराच्या कर्जात भरू शकता. साहेबांच्या तुलनेत हे मोकळे झालेले हप्ते कुठेच मोजलेले नाहीत. वाचलेल्या एकूण व्याजाची बेरीज करून कर्जे लावू नका. करानंतरचा दर पाहा. तुमच्याकडे तो ८.५ विरुद्ध ८.३२ आहे, म्हणजे ३ लाखांवर वर्षाला साडेपाचशे रुपयांचा फरक.

त्याच आकड्यात आणखी एक अट दडलेली आहे. १३० व्या महिन्याच्या शेवटच्या लहान हप्त्यातून उरलेली रक्कम आणि १३१ व्या महिन्यापासून दरमहा पूर्ण १७,७२५ रुपये मोकळे होतील. ते साडेआठ टक्क्यांनी साठवत गेलात तर १८० व्या महिन्याला १० लाख ६९ हजार होतात, आणि आजचे ३ लाख साडेआठ टक्क्यांनी, व्याज दरमहा मुद्दलात मिळवत, १५ वर्षे वाढवले तरी बरोबर तेवढेच होतात. म्हणजे कर्जफेड ही साडेआठ टक्क्यांची ठेवच आहे, पण मोकळे झालेले हप्ते खर्चात गेले नाहीत तरच.

मुलाचा म्युच्युअल फंड

मुलाच्या म्हणण्यात तथ्य आहे, कारण समभागांच्या फंडावरचा कर एफडीपेक्षा हलका आहे. वर्षभराहून जास्त ठेवलेल्या युनिटवरच्या नफ्यावर वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही, आणि त्यावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. शिवाय हा कर विकताना द्यावा लागतो, दरवर्षी नाही, म्हणून मधली वर्षे सगळे पैसे वाढत राहतात.

हिशेब करू. घराचे कर्ज फेडून १५ वर्षांनी जे १० लाख ६९ हजार होतात, तेवढे कर भरून हातात यायला फंडात ३ लाखांचे सुमारे ११ लाख ६५ हजार व्हायला हवेत, एकाच वर्षी सगळे विकले असे धरून. त्यासाठी वर्षाला सरासरी साडेनऊ टक्के वाढ लागते. सात-आठ वर्षांत थोडे थोडे विकून दरवर्षीची सव्वा लाखाची सूट वापरली तर जवळजवळ सगळा कर टळतो आणि बरोबरीचा परतावा नऊच्या जरा खाली येतो. साडेआठपेक्षा तो थोडा जास्त दिसतो, कारण बँक व्याज दरमहा मुद्दलात मिळवते आणि वर्षाच्या हिशेबात ते ८.८४ टक्के होते. फंडाची वाढ मात्र वर्षाच्या हिशेबातच सांगतात.

म्हणजे एफडीला पावणेअकरा टक्के लागत होते तिथे फंडाला नऊ ते साडेनऊच लागतात. चांगला फंड पंधरा वर्षांत तेवढे देईल अशी आशा ठेवता येते. पण माझे मत असे की बरोबरीचा आकडा गाठेल एवढ्यावर फंड निवडू नये, कारण कर्जफेडीचा परतावा पक्का आहे आणि फंडाचा नाही. माझ्या दृष्टीने फंडाकडून बरोबरीच्या वर निदान तीन टक्के अपेक्षिता येत असतील तरच तुलना सुरू होते. शिवाय कापडाचा बाजार आणि शेअर बाजार बरेचदा एकाच वेळी मंदावतात. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांच्या वर असलेला सेन्सेक्स मार्च २००९ मध्ये ९ हजारांच्या खाली होता. त्या काळात कापडाचा उठाव थांबून तुम्हाला पैसे लागले असते तर फंड निम्म्याहून कमी किमतीला विकावा लागला असता. पगारदाराला पंधरा वर्षे हात न लावता ठेवणे जमू शकते. सूत रोखीने घेऊन कापड उधारीवर देणाऱ्या कारखानदाराला तसे वचन स्वतःला देता येत नाही. मुलाला फंड हवाच असेल तर या ३ लाखांतून नको. घराचे कर्ज कमी झाल्यावर दरमहा थोड्या रकमेने सुरू करा.

सीसीकडे दुर्लक्ष होते आहे

तुमच्या पत्रात सीसी लिमिट ओघात आले आहे, पण माझ्या मते उत्तर तिथेच आहे. सीसीचे व्याज रोजच्या बाकीवर लागते. ११ टक्क्यांच्या सीसीत ३ लाख भरलेत तर वर्षाला ३३,००० रुपये व्याज टळेल, त्यावर वाढलेल्या नफ्याचा कर ६,८६४ जाईल आणि २६,१३६ हातात राहतील. करानंतर ८.७१ टक्के, म्हणजे तुमच्या तिन्ही कर्जांत सर्वात महाग हेच. वरून त्याचा मोठा गुण असा की भरलेले पैसे उद्या सुताचे बिल आले तर परत काढता येतात. घराच्या आणि लूमच्या कर्जात एकदा भरलेले ३ लाख पुन्हा हवे झाले तर नवा अर्ज, नवी कागदपत्रे आणि बहुधा जास्त दर.

यातली अडचणही सांगतो. सीसीत भरलेले पैसे वेगळे दिसत नाहीत. सुताचा भाव उतरला म्हणून चार गाठी जास्त घेतल्या, एखाद्या व्यापाऱ्याला महिनाभर जास्त उधारी दिली, आणि सहा महिन्यांत बाकी पुन्हा साडेतीन लाखांवर. तेव्हा बचत झाली नाही, नुसता माल वाढला. आणि लिमिट सतत अर्धे रिकामे दिसले तर नूतनीकरणाच्या वेळी बँक ते कमी करू शकते. म्हणून मी सगळे ३ लाख तिथे ठेवणार नाही. एका महिन्याच्या सुताची खरेदी, विजेचे बिल आणि मजुरी भागेल एवढी रक्कम सीसीत ठेवा आणि बाकी घराच्या कर्जात भरा. समजा तुमची ती गरज सव्वा लाखाची असेल तर पावणेदोन लाख घराला. ८.७१ आणि ८.५ मधला फरक वर्षाला तीन-चारशे रुपयांचा आहे. त्यासाठी शिस्तीचा धोका पत्करू नये.

एक चूक मात्र कटाक्षाने टाळा : सीसीतून पैसे काढून घराचे कर्ज भरू नका. सीसीच्या व्याजाची वजावट मिळते ती पैसे धंद्यासाठी वापरले म्हणून. घरासाठी काढलेल्या रकमेवरचे व्याज धंद्याचा खर्च म्हणून मान्य होत नाही, आणि तसे झाले तर ते ११ टक्के तुम्हाला पूर्ण ११ ला पडतील. आधी व्यापाऱ्यांकडून आलेले पैसे आणि तुमच्या भांडवल खात्यातली शिल्लक पाहून, सीएंना विचारून रक्कम उचला.

अर्जात काय लिहायचे

पैसे भरण्याआधी बँकेत जाऊन तुमच्या गृहकर्जाचा दर आज नव्या ग्राहकाला मिळणाऱ्या दराशी ताडून पाहा. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये रेपो दर साडेसहावरून सव्वापाच टक्क्यांवर आणला. जुन्या कर्जदारांना त्याचा पूर्ण फायदा आपोआप मिळालेला असतोच असे नाही. थोडे शुल्क भरून दर अर्धा टक्का कमी झाला तरी १८ लाखांवर वर्षाला नऊ हजार वाचतात, एकही जादा रुपया न भरता. दर बदलला की वरचे सगळे गणित पुन्हा करा. घर आठ टक्क्यांवर आले तर बरोबरीचा परतावा १०.१० होतो, आणि मग करानंतर ८.३२ ला पडणारे लूमचे कर्ज घराच्या पुढे जाते.

बदलत्या दराच्या गृहकर्जावर, ते धंद्यासाठी घेतलेले नसेल तर, मुदतीआधी भरल्याबद्दल बँक दंड घेऊ शकत नाही. धंद्याच्या कर्जाचे तसे नव्हते. रिझर्व्ह बँकेने जुलै २०२५ मध्ये नवा आदेश काढला. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण होणाऱ्या बदलत्या दराच्या कर्जांवर व्यापारी बँकांना व्यक्तींकडून आणि सूक्ष्म-लघु उद्योगांकडून असा दंड घेता येत नाही. तुमचे लूमचे कर्ज त्याआधीचे असेल तर मंजुरीपत्र काढून वाचा. २ टक्के दंड आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लिहिला असेल तर ३ लाखांवर ७,०८० रुपये जातात. तीन-साडेतीन वर्षांवर वाटले तर परतावा वर्षाला अर्ध्या-पाऊण टक्क्याने घटतो आणि लूमचे कर्ज मुदतीआधी फेडणे घराच्या कर्जाच्या तुलनेत सरळ तोट्याचे ठरते. त्या कर्जाला सरकारी हमी योजनेचे छत्र असेल तर उलट बाजूने बाकीवर दरवर्षी लागणारे हमीशुल्क दरात मिळवून पाहा.

घराच्या कर्जात पैसे भरताना अर्जात स्पष्ट लिहा की हप्ता १७,७२५ रुपयेच ठेवावा आणि मुदत कमी करावी. हप्ता कमी करून घेतला तरी दर तोच साडेआठ टक्के मिळतो, पण दरमहा सुटलेली छोटी रक्कम घरखर्चात विरून जाते. भरणा हप्त्याच्या तारखेनंतर लगेच करा, म्हणजे पुढच्या महिन्याचे व्याज कमी बाकीवर धरले जाईल. आणि आठवड्याभरात नवे परतफेडीचे वेळापत्रक मागून घ्या. त्यात पावणेदोन लाख मुद्दलातून वजा झालेत की ‘आगाऊ हप्ते’ म्हणून बाजूला पडून आहेत हे पाहा. आगाऊ हप्त्यात गेले असतील तर व्याज कमी झालेले नसते. लगेच लेखी अर्ज देऊन ती नोंद मुद्दलात करून घ्या.

मार्च संपला की सीएंना घराचे आणि धंद्याचे व्याज वेगवेगळे काढायला सांगा आणि पुढच्या वर्षीचे उत्पन्न १६ लाखांच्या खाली जाते की २० च्या वर, हे विचारा. खाली गेले तर कर १५.६ टक्के होतो, लूमचे कर्ज ८.८६ टक्क्यांना पडते आणि घराच्या साडेआठपेक्षा महाग होते. तेव्हा दंड नसेल तर पुढची शिल्लक भावांच्या सांगण्याप्रमाणे लूमच्या कर्जातच भरा.